बघणाऱ्याची नजर कुठे आहे? कॉलेजच्या ३६० अंशांच्या व्हर्च्युअल टूरची संहिता लिहिताना

"तुमच्या डावीकडे ग्रंथालयाची इमारत आहे," असं टॅबलेटमधला आवाज सांगत होता आणि एका मुलीच्या बाबांच्या समोर पडद्यावर होता सायकलस्टँड. ते माण तालुक्यातून मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी आले होते. गर्दीमुळे त्यांना बाहेर बाकावर बसवून आम्ही नुकतीच तयार केलेली टूर दाखवत होतो. त्यांनी मुकाट्याने आणखी डावीकडे सरकवलं, मग उजवीकडे, तोवर आवाज कँटीनवर पोहोचला होता. शेवटी त्यांनी टॅबलेट मुलीकडे दिला आणि विचारलं, "बाळ, होस्टेल कुठं आहे यात?"

ती संहिता मी लिहिली होती आणि तिच्यातली माहिती सगळी बरोबर होती. पण साध्या व्हिडिओत कॅमेरा कुठे वळेल हे आपण ठरवतो, पॅनोरमात, म्हणजे चहूबाजूंच्या ३६० अंशांच्या फोटोत, ते बघणारा ठरवतो. मी व्हिडिओची संहिता लिहून ती पॅनोरमाला जोडली होती. त्यानंतर सगळं काम पुन्हा केलं. ते कसं केलं ते इथे क्रमाने सांगते. उदाहरण आमच्याच आवाराचं घेते, कारण त्यातल्या प्रत्येक थांब्यावर मी कागद घेऊन उभी राहिले आहे.

आधी पायी फिरा, कॅमेरा नंतर

फोटो काढून झाल्यावर लिहायला बसलात, तर जे फोटोत आलं आहे त्याच्याशी तडजोड करावी लागते. म्हणून एक संपूर्ण सकाळ नुसती चालण्यासाठी ठेवा. फाटकातून आत या आणि जिथे तुमची पावलं आपोआप रेंगाळतात, जिथे नवीन माणूस "आता कुठे?" असं विचारतो, तिथे खडूने फुली मारा. आमच्या अशा अकरा फुल्या झाल्या. त्यातले पाच थांबे मी काढून टाकले. एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावरचं सगळं दिसत असेल, तर दोन्ही ठेवण्यात अर्थ नसतो.

प्रत्येक फुलीवर उभं राहून एकच गोष्ट लिहायची: इथे आलेल्या माणसाने कोणत्या गोष्टी बघितल्याच पाहिजेत? जास्तीत जास्त चार. इमारतीचं नाव लिहू नका, तिची दिसणारी खूण लिहा. "ग्रंथालय" ही खूण नव्हे, कारण नवीन मुलीला ग्रंथालय कसं दिसतं हे ठाऊकच नसतं. "भिंतीला बाहेरून लावलेला लोखंडी जिना" ही खूण. पाटी ही तर अजिबातच खूण नव्हे, कारण फोनच्या स्क्रीनवर ती वाचता येत नाही. रंगाची खूण चालते, पण तिच्याबरोबर आकारही सांगा. नुसतं "लाल" आणि "हिरवं" काही लोकांना वेगळं दिसत नाही. "लाल पत्र्याची शेड, पुढे बाकडी" असं सांगितलं की काम होतं.

कॅमेरा कुठे ठेवायचा

यात फार वेळ घालवायला नको, पण दोन गोष्टी संहितेवर परिणाम करतात. उघड्यावर कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे दीड मीटरच्या आसपास ठेवा. वाचनकक्षात किंवा सभागृहात बसलेल्या माणसाच्या उंचीवर, सव्वा मीटरवर. त्याहून उंच नेलात तर आवार ड्रोनमधून पाहिल्यासारखं दिसतं आणि "समोरच्या पायरीवर" हे वाक्य खोटं वाटू लागतं.

दुसरं म्हणजे सूर्य. साध्या फोटोत तो पाठीमागे ठेवता येतो, ३६० अंशांत तो कुठेतरी असतोच. आमची मुख्य इमारत चौकाच्या पूर्वेला आहे. सकाळी साडेआठला काढलेल्या पहिल्या फोटोत तिच्या मागून ऊन येत होतं आणि दगडी कमानी नुसत्या काळ्या दिसत होत्या. ज्या दिशेला टूर उघडणार, त्या दिशेला सूर्य नको. आम्ही दुपारी चारनंतर पुन्हा काढला. चेहरे आणि गाड्यांच्या नंबरप्लेटा पुसट करायला विसरू नका, विशेषतः मुलींच्या वसतिगृहाजवळच्या.

दिशा अंशांत लिहा

पॅनोरमाचा फोटो सपाट पसरलेला पाहिला तर तो उंचीच्या दुप्पट रुंद असतो. रुंदीत पूर्ण ३६० अंश, उंचीत १८० अंश. फोटोचा मध्य म्हणजे शून्य अंश. उजवीकडे अधिक, डावीकडे उणे, आणि मागे दोन्ही बाजूंनी १८०. फोटोत एखादी वस्तू डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून कुठल्या पिक्सेलवर आहे हे पाहिलं की तिची दिशा काढता येते. yaw म्हणजे आडवी दिशा, pitch म्हणजे वर-खालची:

```
yaw   = (x / width  - 0.5) * 360
pitch = (0.5 - y / height) * 180
```

आमचा चौकाचा फोटो ६७२० पिक्सेल रुंद आहे आणि ग्रंथालयाचा जिना ४७६० व्या पिक्सेलवर येतो. ४७६० भागिले ६७२० म्हणजे ०.७०८, त्यातून अर्धा वजा करून ३६० ने गुणलं की ७५. म्हणजे जिना मध्यापासून ७५ अंश उजवीकडे. ब्राउझरमध्ये पॅनोरमा दाखवणारं पॅनेलम हे फुकट मिळणारं साधन वापरत असाल तर हा हिशेबही करावा लागत नाही. `hotSpotDebug` चालू ठेवून फोटोवर क्लिक केलं की ब्राउझरच्या कन्सोलमध्ये दोन्ही अंश उमटतात.

हे आकडे प्रेक्षकाला ऐकवायचे नसतात. ते आपल्यासाठी असतात, कारण त्यांच्यावरून दोन प्रश्नांची उत्तरं मिळतात. वळायला किती वेळ द्यायचा? आणि मी "समोर" म्हणते तेव्हा ती वस्तू खरोखर पडद्यावर आहे का? लॅपटॉपवर एका वेळी साधारण ९० ते १०० अंश दिसतात, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना ४५-५०. फोन उभा धरला तर त्याहून कितीतरी कमी. आमचे निम्म्याहून जास्त प्रेक्षक फोनवाले, म्हणून मी नियम केला: "समोर" हा शब्द फक्त सुरुवातीच्या नजरेपासून २५ अंशांच्या आतल्या वस्तूला वापरायचा. त्यापलीकडच्या वस्तूकडे बघणाऱ्याला वळवून न्यायचं.

एकाच अंगाने वळवा

आरतीनंतर आपण जागेवरच स्वतःभोवती प्रदक्षिणा घालतो, तेव्हा उजवीकडून वळत वळत पुन्हा देवासमोर येतो. प्रत्येक थांब्यावर नजर तशीच फिरवायची. माझ्या पहिल्या संहितेत "डावीकडे ग्रंथालय, उजवीकडे पार, मागे कँटीन, आणि पुन्हा डावीकडे…" असा प्रकार होता. समजा बघणारा डावीकडे ९० अंशांऐवजी १२० अंश वळला. पुढचं "उजवीकडे" आता त्याच्यासाठी वेगळ्याच ठिकाणी आहे आणि ही चूक वाढतच जाते. एकाच अंगाने वळत राहिलं तर जास्त वळलेला माणूस थोडा पुढे असतो, इतकंच. पुढची खूण आली की तो पुन्हा जुळतो.

म्हणून वळणाचं प्रत्येक वाक्य मागच्या खुणेपासून सुरू करून पुढच्या खुणेवर थांबवायचं. "उजवीकडे वळा" एवढंच पुरेसं नाही. "कमानींवरून नजर उजवीकडे सरकू द्या, लोखंडी जिना येईपर्यंत." यात निघायची जागा आहे, दिशा आहे आणि थांबायची जागा आहे. ज्याची नजर भलतीकडेच गेली असेल, तोही कमानी शोधून वाटेवर येऊ शकतो.

मराठी वाक्याची अडचण

या कामात मला सर्वात जास्त वेळ लागला तो इथे. आपल्या भाषेत विशेषणं नामाच्या आधी येतात आणि क्रियापद शेवटी. कागदावर हे सुंदर वाटतं. माझ्या पहिल्या संहितेतलं हे वाक्य बघा:

"माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या देणग्यांतून उभी राहिलेली, दुमजली आणि प्रशस्त वाचनकक्ष असलेली ग्रंथालयाची इमारत आता तुमच्या उजव्या बाजूला दिसते."

मोठ्याने वाचलं तर याला आठ-नऊ सेकंद लागतात. त्यातली पहिली सहा-सात सेकंदं ऐकणाऱ्याला हे कशाबद्दल चाललं आहे आणि कुठे बघायचं आहे याचा पत्ता नसतो. माणूस स्वस्थ बसत नाही, तो या वेळात बोटाने फोटो फिरवत राहतो. "उजव्या बाजूला" हे शब्द येतात तेव्हा तो कँटीनकडे तोंड करून उभा असतो, आणि त्याच्या उजव्या बाजूला आता वडाचं झाड आहे.

उपाय म्हणजे वाक्य उलटं करायचं आणि तोडायचं. आधी खूण, मग वळण, मग गप्प बसायचं, मग नाव, आणि सर्वात शेवटी गोष्ट.

"आता उजवीकडे वळा, बाहेरून लावलेला लोखंडी जिना दिसेपर्यंत. (चार सेकंद) जिना दिसला? हे ग्रंथालय. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून उभं राहिलं."

"आता उजवीकडे वळा, जिना दिसेपर्यंत" ही रचना लिहिताना ओबडधोबड वाटते. बोलताना आपण अशीच बोलतो. पाहुण्याला गाव दाखवताना कुणी "शिवकाळात बांधलेली, काळ्या पाषाणातली विहीर डावीकडे आहे" असं म्हणत नाही. "ती बघा, त्या चिंचेखाली, विहीर," असं म्हणतो. संहिता लिहून झाली की प्रत्येक वाक्यातला पहिला दिसणारा शब्द अधोरेखित करा. तो पहिल्या चार-पाच शब्दांत आला नसेल तर वाक्य पुन्हा मांडा.

"हे", "ते", "इथे", "तिथे" या शब्दांवरही लक्ष ठेवा. "हे ग्रंथालय" असं खूण दिसल्यानंतरच म्हणता येतं. आधी म्हटलं तर बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे काही असेल ते ग्रंथालय ठरतं.

विराम मोजून ठेवा

मी निवेदनासाठी मिनिटाला ११० शब्द धरते. बातम्यांपेक्षा हा वेग कमी आहे, पण इथे ऐकणाऱ्याला ऐकता ऐकता हातही चालवायचा असतो. वळणासाठी दर ९० अंशांना चार सेकंद रिकामी सोडते. त्यात मागे संगीत वाढवू नका, पक्ष्यांचा किंवा चौकातला साधा आवाज असू द्या. नाहीतर लोकांना निवेदन संपलं असं वाटतं आणि ते पुढच्या थांब्यावर जातात.

आमच्या चौकाची दुरुस्त संहिता अशी आहे. कंसातले अंश कमानींपासून सलग उजवीकडे मोजले आहेत; ते आणि सेकंद फक्त आमच्या कागदावर आहेत.

(०°, सुरुवात) "समोर काळ्या दगडाच्या कमानी दिसतात ना? कॉलेजचं ऑफिस तिथेच. मधल्या मोठ्या कमानीतून आत गेलं की पहिलीच खिडकी प्रवेशाची." (२ सेकंद)

"आता कमानींवरून नजर उजवीकडे सरकू द्या, बाहेरून लावलेला लोखंडी जिना येईपर्यंत." (७५°, ४ सेकंद) "जिना दिसला? हे ग्रंथालय. खाली वाचनकक्ष, वर पुस्तकं. परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्ष रात्री नऊपर्यंत उघडा असतो." (२ सेकंद)

"जिना मागे टाकून तसंच पुढे वळा. लाल पत्र्याची शेड आणि पुढे बाकडी येतील." (१७०°, ४ सेकंद) "ही कँटीन. वसतिगृहातल्या मुलींचा सकाळचा चहा-पोह्यांचा अड्डा."

"अजून वळा. मोठा वड येईल, त्याच्याभोवती दगडी पार." (२८०°, ५ सेकंद) "पाराच्या मागून एक पायवाट निघते, ती बघा. ती मुलींच्या वसतिगृहाकडे जाते. चालत तीन मिनिटं." (३ सेकंद)

"आणि आणखी थोडं वळलात की पुन्हा त्याच काळ्या कमानी. पुढे कुठे जायचं ते तुम्ही ठरवा. जिन्यापाशी एक बाण आहे, पाराच्या मागे दुसरा."

शब्द एकशे दहाच्या आसपास आहेत आणि विरामांसह साधारण सव्वा मिनिट होतं. एका थांब्याला याहून जास्त वेळ नको. पहिल्या संहितेत याच चौकात संस्थेच्या स्थापनेची, पहिल्या प्राचार्यांची आणि मिळालेल्या श्रेणीची माहिती होती. ती सगळी काढली. बाबांचा प्रश्न वसतिगृहाचा होता आणि त्याचं उत्तर आता या चौकातच मिळतं.

वर बघायला लावताना

उजवी-डावी वळणं सोपी आहेत. वर बघायला लावणं अवघड, कारण फोनवर बोटाने खाली ओढलं की दृश्य वर जातं हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यातून उंच वास्तूचं टोक फार वर असेल तर ते वाकडं आणि ताणलेलं दिसतं.

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारातला राजाबाई टॉवर घ्या. १८७८ साली पूर्ण झालेला हा मनोरा २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर उंच आहे. त्याच्यापासून ४० मीटरवर कॅमेरा ठेवला तर टोक डोळ्यांच्या रेषेपासून ६४ अंश वर जातं. बघणाऱ्याला अक्षरशः आकाशाकडे मान करावी लागेल आणि तेवढ्यात पायथ्याची इमारत पडद्याबाहेर गेलेली असेल. १०० मीटरवर गेलं तर टोक ४० अंशांवर येतं, १५० मीटरवर २९ अंशांवर. म्हणजे मनोरा एका नजरेत दाखवायचा तर थांबा पश्चिमेला ओव्हल मैदानाच्या बाजूला ठेवलेला बरा. आवारातला थांबा ग्रंथालयासाठी ठेवावा.

दुसरी मर्यादा त्याहून महत्त्वाची आहे. या मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या समाजांचे चोवीस पुतळे आहेत आणि "वर बघा, ते पुतळे दिसतील" असं लिहायचा मोह होतो. पण ६७२० पिक्सेलच्या फोटोत एका अंशाला १८-१९ पिक्सेल येतात. शंभर मीटरवरचा माणसाएवढा पुतळा जेमतेम एक अंश व्यापतो. म्हणजे संपूर्ण पुतळा १८-१९ पिक्सेलमध्ये! तो पुतळा आहे हेही कळणार नाही. जे पडद्यावर ओळखता येत नाही त्याकडे बघायला सांगितलं की माणसाचा पुढच्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो. मी पाच अंशांची मर्यादा पाळते. त्याहून लहान वस्तूसाठी वेगळा जवळचा फोटो काढायचा, त्या जागी खूण ठेवायची आणि निवेदनात "त्या गोल खुणेवर बोट ठेवा" असं सांगायचं.

खोलीच्या आतही हेच लागू आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचं काम चालू आहे आणि त्यासाठी जमवलेल्या चिठ्ठ्या सुमारे एक कोटी आहेत. पॅनोरमात अशा खोलीत फक्त बंद कपाटं दिसतात. तिथे "चहूबाजूंनी बघा" असं म्हणण्याऐवजी एक खण उघडा ठेवून फोटो काढावा, सुरुवातीची नजर त्या खणावर ठेवावी आणि एकाच चिठ्ठीबद्दल बोलावं. मग म्हणावं, "अशी कपाटं आता सगळीकडे बघा." तेव्हा त्या वळण्याला अर्थ येतो. आमच्या साध्या ग्रंथालयात मी हेच केलं: एक टेबल, त्यावर उघडं पुस्तक, शेजारी खिडकी. चाळीस सेकंद, एकच वळण.

एका थांब्यावरून दुसऱ्यावर जाताना

ही चूक लगेच ओळखता येते. जिन्याजवळच्या बाणावर बोट ठेवलं, ग्रंथालयात शिरलो, आणि समोर पुन्हा दारच! माणसाला वाटतं, आपण बाहेर आलो. हे होतं, कारण आत कॅमेरा ठेवताना त्याचं तोंड दाराकडे होतं आणि टूर फोटोच्या मध्यापासून उघडली.

यावर उपाय म्हणजे फोटो काढताना फोनच्या होकायंत्रावर पाहून प्रत्येक थांब्याला फोटोचा मध्य उत्तरेपासून किती अंशांवर आहे ते लिहून ठेवणं. लोखंडी फाटक, मोटारसायकली आणि खुद्द ट्रायपॉड यांच्यापासून दोन-तीन मीटर दूर जाऊन मोजा, नाहीतर सुई भरकटते. आमच्या चौकात मध्य १०० अंशांवर होता. जिन्याचा बाण त्याच्या ७५ अंश उजवीकडे, म्हणजे आपण १७५ अंशांच्या दिशेने चालत आत जातो. वाचनकक्षातल्या फोटोचा मध्य ३४० अंशांवर. १७५ मधून ३४० वजा केले की उणे १६५. म्हणजे आत गेल्यावर नजर उणे १६५ वर उघडली पाहिजे. उत्तर १८० च्या वर किंवा उणे १८० च्या खाली गेलं तर ३६० वजा करा किंवा मिळवा. पॅनेलममध्ये ते असं लिहितात:

```json
"chowk": {
  "type": "equirectangular",
  "panorama": "chowk.jpg",
  "northOffset": 100,
  "yaw": 0, "pitch": 3, "hfov": 90,
  "hotSpots": [{
    "type": "scene",
    "sceneId": "granthalay",
    "yaw": 75, "pitch": -4,
    "text": "ग्रंथालयात चला",
    "targetYaw": -165, "targetPitch": 0
  }]
}
```

तपासायचं कसं? आत गेल्यावर पूर्ण मागे वळा. ज्या दारातून आलात ते बरोबर पाठीमागे असलं पाहिजे. पाच-दहा अंशांचा फरक कुणाला जाणवत नाही, चाळीसचा जाणवतो.

संहितेत मात्र एक धोका उरतोच. पाराकडूनही वाचनकक्षात येण्याचा बाण असेल तर येणारा वेगळ्या बाजूने येईल. म्हणून कोणत्याही थांब्याचं पहिलं वाक्य "आता आपण जिन्याने आत आलो" असं लिहू नका. पहिलं वाक्य नेहमी समोरच्या खुणेचं असावं, वाटेचं नको.

आवाजाबाबत एक गोष्ट राहिली. पान उघडताच आवाज आपोआप सुरू करायला बहुतेक ब्राउझर परवानगी देत नाहीत, माणसाने आधी कुठेतरी बोट ठेवावं लागतं. त्यामुळे पहिल्या थांब्यावर "आत या" असं मोठं बटण ठेवा आणि आवाज त्यावर सुरू करा. निवेदनाचा मजकूर पडद्याच्या तळाशी स्थिर दिसू द्या. फोटोवर चिकटवलेली अक्षरं नजर वळली की निघून जातात, आणि वर्गात आवाज बंद ठेवून बघणारी मुलं पुष्कळ असतात.

न बोलता तपासा

कॉलेजात कधीच न आलेली तीन माणसं शोधा. एक विद्यार्थी, एक पालक, आणि फोन कमी वापरणारं एक कुणीतरी. त्यांच्या हातात फोन द्या, शेजारी बसा आणि तोंड उघडू नका. हातात संहितेचा कागद ठेवा. बोट ज्या वाक्याला चुकीच्या बाजूला गेलं, तिथे फुली. ज्या वाक्याला त्यांनी मान वर करून तुमच्याकडे पाहिलं, तिथे दोन फुल्या. दुसऱ्या फेरीत प्रत्येक थांब्यावर सुरुवातीलाच दृश्य मुद्दाम उलटं फिरवून द्या आणि निवेदन ऐकून ते वाटेवर येतात का बघा. खुणा पक्क्या असतील तर दुसऱ्या वाक्यापर्यंत येतात.

आमच्या दुरुस्त संहितेची तपासणी माळीकाकांच्या बहिणीने केली. त्या पहिल्यांदाच गावाहून आल्या होत्या. चौकात त्या कमानी, जिना, शेड अशा बरोबर फिरल्या आणि वडाशी अडल्या. "मोठा वड येईल" असं ऐकून त्या वळत राहिल्या आणि वड ओलांडून थेट कमानींपर्यंत गेल्या. फोटो जवळून काढल्यामुळे वडाचा नुसता बुंधा आणि पारंब्या दिसत होत्या, झाडाचा आकार दिसतच नव्हता. वाक्य बदललं: "अजून वळा. लोंबत्या पारंब्या येतील, खाली दगडी पार." पुढच्या माणसाला तिथे थांबायला अजिबात अडचण आली नाही.

कागद जपून ठेवा

प्रत्येक थांब्याचं एक पान ठेवा: कॅमेऱ्याची जागा, फोटोच्या मध्याची दिशा, खुणा आणि त्यांचे अंश, वाक्यं, विराम. आवार बदलत राहतं. गेल्या मे महिन्यात कँटीनचे लाल पत्रे काढून निळे घातले. मी कागदावर "लाल पत्र्याची शेड" शोधलं, ते चौकात आणि वसतिगृहाच्या थांब्यावर सापडलं. दोन वाक्यं पुन्हा ध्वनिमुद्रित केली आणि ट्रायपॉड त्याच खडूच्या फुल्यांवर ठेवून दोनच फोटो नव्याने काढले. फुल्या पावसात पुसल्या जातात, म्हणून आता तिथे फरशीत एकेक छोटा पितळी खिळा मारून घेतला आहे.